उपचार चालू असताना अप्रेझल पुढे ढकलायचं असेल तर

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एचआरकडे एक ठरावीक मेल येतो. "माझी ट्रीटमेंट चालू आहे, तरी माझं अप्रेझल पुढे ढकलावं ही विनंती." पुण्यातल्या आयटी कंपन्यांमध्ये एचआरचं काम करताना मी असे बरेच मेल वाचले आहेत, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात त्यांतल्या काहींना मीही "काळजी घ्या, बघतो" एवढंच उत्तर दिलं आहे. मनात वाईट काही नव्हतं. त्या एका ओळीत नेमकं काय पुढे ढकलायचं, कधीपर्यंत, आणि त्या माणसाच्या पगारवाढीचं काय करायचं, हे काहीच नसायचं. मग मेल तसाच पडून राहायचा, आणि इकडे रेटिंगची यादी बंद होऊन जायची.

आजारपणात पहिल्यांदाच अशी विनंती करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. डोळ्यांसमोर खासगी कंपनी आहे, जिथे वर्ष एप्रिल ते मार्च धरतात आणि फॉर्म पोर्टलवर भरावा लागतो. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: खासगी नोकरीत अप्रेझल पुढे ढकलून मिळण्याचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तुम्ही मागताय ती सवलत आहे आणि ती कंपनीच्या पॉलिसीवर चालते. म्हणून ती अशी मागायची की समोरच्याला "हो" म्हणणं सोपं जाईल.

आधी ठरवा, पुढे काय ढकलायचं आहे

"अप्रेझल" म्हणून आपण जे एकच समजतो, त्यात चार वेगळी कामं असतात. पहिलं म्हणजे तुम्ही पोर्टलवर भरता तो सेल्फ-अप्रेझल फॉर्म. दुसरं, मॅनेजरबरोबरची चर्चा. तिसरं, रेटिंग कायम होणं. चौथं, ज्या वर्षाच्या कामाचं मोजमाप होतंय तो कालावधी.

पहिली दोन कामं आठवडा-दोन आठवडे सरकवणं एचआरला फारसं जड नसतं. पोर्टलवर एका माणसाचा फॉर्म पुन्हा उघडून देता येतो, चर्चेची तारीख तर मॅनेजर स्वतःच बदलू शकतो. खरी अडचण तिसऱ्यात आहे. सगळ्या मॅनेजरांनी दिलेली रेटिंग एकत्र ठेवून वरचे लोक एक बैठक घेतात. तिला बहुतेक ठिकाणी नॉर्मलायझेशन म्हणतात, काही ठिकाणी कॅलिब्रेशन. कोणत्या रेटिंगमध्ये साधारण किती माणसं बसवायची, हे तिथे ठरतं आणि इन्क्रिमेंटचं बजेटही तिथेच वाटलं जातं. तुमचं रेटिंग त्या दिवशी यादीत नसेल, तर कंपनीप्रमाणे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तुम्हाला मधलं रेटिंग आपोआप चिकटतं, नाहीतर "नॉट रेटेड" असा शेरा पडतो. त्या शेऱ्यामुळे व्हेरिएबल पे अडकतो, कारण त्याचा हिशेब रेटिंगवरच असतो.

म्हणून पहिलं काम हे की नॉर्मलायझेशनची तारीख शोधून काढायची. ती सहसा जाहीर करत नाहीत. मॅनेजरला किंवा तुमच्या एचआरबीपीला, म्हणजे तुमच्या विभागाचं काम बघणाऱ्या एचआरच्या माणसाला, सरळ विचारा, "सर, नॉर्मलायझेशन कधी आहे?" सांगतात. तुमची विनंती शक्यतो या तारखेच्या अलीकडे बसवायची.

दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

हे एका खऱ्या उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, पण हिशेब तोच आहे.

टेस्टिंगमधली एक टेस्ट लीड. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, ९ डिसेंबरला ऑपरेशन झालं, आणि १२ जानेवारीपासून किमोथेरपी सुरू. डॉक्टरांनी दिलेला आराखडा असा होता: दर २१ दिवसांनी एक असे पहिल्या औषधांचे चार डोस, म्हणजे १२ जानेवारी, २ फेब्रुवारी, २३ फेब्रुवारी आणि १६ मार्च. त्यानंतर ६ एप्रिलपासून दुसरं औषध दर आठवड्याला, बारा वेळा, म्हणजे २२ जूनपर्यंत. पुढे रेडिएशन लागेल की नाही ते नंतर ठरणार होतं.

कंपनीचं कॅलेंडर असं होतं: सेल्फ-अप्रेझल फॉर्म २३ फेब्रुवारी ते ६ मार्च, मॅनेजरशी चर्चा १६ ते २७ मार्च, नॉर्मलायझेशन ९ एप्रिल, पगारवाढीची पत्रं मे महिन्यात, आणि पगारवाढ १ एप्रिलपासून लागू.

तिने मला पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये मागितलं होतं, "ट्रीटमेंट संपेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत पुढे ढकला." माणसाच्या बाजूने बघितलं तर यात चुकीचं काही नाही. पण जूनअखेरीला नॉर्मलायझेशन होऊन अडीच महिने उलटलेले असणार आणि बजेट वाटून संपलेलं असणार. शिवाय उपचारांच्या तारखा लांबतात, हे तीही जाणून होती. मी तिला फोन केला आणि एवढंच विचारलं, "डोस झाल्यावर बरं कधी वाटतं?"

इथे किमोचं गणित उपयोगी पडलं. दर २१ दिवसांच्या अशा डोसमध्ये पहिला आठवडा मळमळ आणि थकव्यात जातो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात, तेव्हा संसर्गाची भीती मोठी असते आणि गर्दीत जायचं नसतं. तिसऱ्या आठवड्यात पेशी पुन्हा वाढतात, तोंडाला चव येते, आणि बऱ्याच जणांना हा आठवडा त्यातल्या त्यात माणसात आल्यासारखा वाटतो. प्रत्येकाचं शरीर वेगळं, हे खरंच. पण दोन डोस झाले की आपला आठवडा कोणता ते आपल्याला कळतं. तिचा तिसराच होता. पहिले दोन आठवडे ती मेडिकल लीव्ह टाकायची आणि तिसऱ्यात घरून लॉगिन करायची.

आता दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. फॉर्मची मुदत २३ फेब्रुवारी ते ६ मार्च, आणि तिसरा डोस २३ फेब्रुवारीलाच. म्हणजे फॉर्मची सगळी मुदत बरोब्बर तिच्या दोन वाईट आठवड्यांत. चर्चा १६ ते २७ मार्च, आणि चौथा डोस १६ मार्चला. तीही पूर्ण वाईट आठवड्यांत. पण ९ ते १३ मार्च हा तिचा चांगला आठवडा होता, आणि ३० मार्चपासूनचाही.

म्हणजे जूनपर्यंत थांबायची गरजच नव्हती. फॉर्मला १३ मार्चपर्यंत सात दिवस, आणि चर्चेला १ एप्रिलपर्यंत पाच दिवस, एवढीच मुदत पुरेशी होती. दोन्ही तारखा ९ एप्रिलच्या अलीकडे. अशी विनंती आली की माझ्यासारख्या माणसाला वरच्यांकडे जावंच लागत नाही, स्वतःच्या अधिकारात मंजूर करता येते.

तुमचा आजार वेगळा असेल, पण रीत हीच. टीबीचं औषध सहा महिने चालतं, पण पहिल्या एक-दोन महिन्यांनंतर बहुतेकांना बरंच सुधारलेलं वाटतं. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं असेल, तर किती वेळ सलग बसता येतं त्यावर चर्चेची तारीख ठरते. डॉक्टरांना "मी बरा कधी होणार" असं विचारण्याऐवजी "तासभर बसून नीट बोलता येईल असे दिवस कोणते" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टर तारखेत उत्तर देतात.

डॉक्टरांचं पत्र

पत्र रजेच्या नेहमीच्या सर्टिफिकेटपेक्षा थोडं वेगळं हवं. "अमुक तारखेपासून उपचार चालू, अंदाजे अमुक तारखेपर्यंत चालतील, दर २१ दिवसांनी उपचार, आणि प्रत्येक वेळी त्यानंतरचे १४ दिवस सलग काम करण्यास योग्य नाही" असा मजकूर असला की काम झालं. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी क्रमांक नसलेली पत्रं परत पाठवल्याची मला इतकी उदाहरणं आठवतात, की क्लिनिकमधून बाहेर पडायच्या आधीच तो बघून घ्या म्हणतो.

आजाराचं नाव लिहायलाच हवं असं नाही. मात्र पत्र कर्करोगतज्ज्ञाच्या लेटरहेडवर असेल तर नाव न लिहूनही सगळं कळतंच. ते टीममध्ये फिरायला नको असेल, तर पत्र फक्त एचआरला द्या आणि मॅनेजरला जाणाऱ्या मेलमध्ये "वैद्यकीय कागद एचआरकडे दिले आहेत" एवढंच लिहा. मॅनेजरला तारखा हव्या असतात, रिपोर्ट नाही. पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, स्कॅन, बिलं यांतलं काहीही अप्रेझलच्या मेलला जोडू नका. ती इन्शुरन्सची कागदं आहेत. एकदा ऑफिसच्या मेलमध्ये गेली की कोण कुणाला फॉरवर्ड करेल सांगता येत नाही.

हॉस्पिटल कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर डॉक्टरांच्या आचारसंहितेची २००२ची नियमावली लक्षात ठेवा. रुग्णाने स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असं तिच्यात आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तसंच, खाडाखोड करून तारखा वाढवलेलं किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून आणलेलं मोघम पत्र देऊ नका. एचआर हॉस्पिटलला फोन करून खात्री करू शकतं, आणि मग खरा आजारही खोटा वाटायला लागतो.

मेल कसा लिहायचा

मेल अर्थातच इंग्रजीत जाईल, पण त्यात काय असावं ते मराठीत सांगतो. तिने शेवटी पाठवलेला मेल साधारण असा होता:

"माझे वैद्यकीय उपचार १२ जानेवारीपासून चालू आहेत. डॉक्टरांचं पत्र एचआरकडे दिलं आहे. सेल्फ-अप्रेझलची मुदत माझ्या उपचारांनंतरच्या दोन आठवड्यांत येते, म्हणून फॉर्म भरायला १३ मार्चपर्यंत मुदत द्यावी. चर्चा १ एप्रिलला, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर, ठेवावी. उपचारांची तारीख पुढे गेल्यामुळे तो दिवस जमला नाही, तर ७ एप्रिल ही पर्यायी तारीख धरावी. माझं रेटिंग ९ एप्रिलच्या नॉर्मलायझेशनमध्ये यावं. डिसेंबरपासून मी वैद्यकीय रजेवर असल्याने मूल्यमापन एप्रिल ते ५ डिसेंबर या काळातल्या कामावर करावं. पगारवाढ इतरांप्रमाणेच १ एप्रिलपासून लागू राहील, हे कृपया लेखी कळवावं."

यातली शेवटून दुसरी ओळ बहुतेक लोक विसरतात, आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. चर्चेची तारीख पुढे गेली म्हणून कालावधी बदलत नाही. मोजमाप एप्रिल ते मार्चचंच होतं, आणि त्यात डिसेंबरनंतरचा खड्डा तसाच दिसतो. तिच्या केआरएमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या लक्ष्यांत, वर्षाचे तीन रिलीज होते. दोन डिसेंबरच्या आधी पूर्ण झाले होते, तिसरा फेब्रुवारीत गेला तेव्हा ती रजेवर होती. नुसत्या फॉर्मकडे बघितलं तर तीनपैकी दोन, म्हणजे लक्ष्य अपुरं. आठ महिन्यांच्या हिशेबाने बघितलं तर तेवढ्या काळात देय असलेले दोन्ही रिलीज पूर्ण. कामात एका अक्षराचा फरक नाही, पण रेटिंगमध्ये एका पायरीचा फरक पडू शकतो. तुमच्या पॉलिसीत याला वेगळं काही नाव असेल, किंवा "किमान अमुक दिवस हजेरी असेल तरच रेटिंग" अशी अट असेल. ती आधी वाचा. अट ९० दिवसांची असेल आणि तुम्ही त्यापेक्षा जास्त दिवस काम केलं असेल, तर ते दिवस मोजून मेलमध्ये लिहा.

मेल एचआरबीपीला पाठवा आणि मॅनेजरला सीसीमध्ये ठेवा. मॅनेजरशी आधी फोनवर बोलून घ्या. त्याला मेलमधूनच कळलं तर उगाच अवघड वाटतं. आणि मुदत उघडायच्या आधी पाठवा. शेवटच्या दिवशी आलेली विनंती खरी असली तरी सबब वाटते.

एक आडवाटेची सूचना. किमोबरोबर मळमळ होऊ नये म्हणून बरेचदा स्टेरॉइड देतात. त्यामुळे डोसनंतरच्या एक-दोन रात्री झोप येत नाही आणि डोकं भलतंच जोरात चालतं. त्या रात्री दोन वाजता फॉर्म भरून टाकायचा मोह होतो. भरा हवं तर, पण सबमिट करू नका. चांगल्या आठवड्यात वाचून बघा. तिच्या तशा मसुद्यात मॅनेजरबद्दलची दोन वाक्यं होती, जी तिने नंतर हसत हसत काढली.

ठरलेलं बिघडतं तेव्हा

तिचा फॉर्म १३ मार्चला वेळेत गेला. पण १६ मार्चला डोससाठी गेली तेव्हा रक्ताच्या तपासणीत पेशी कमी निघाल्या, आणि डॉक्टरांनी डोस एक आठवडा पुढे नेला, २३ मार्चला. किमोमध्ये हे नेहमीचं आहे. पण त्यामुळे तिचे वाईट आठवडे ५ एप्रिलपर्यंत सरकले आणि १ एप्रिलची चर्चा हुकली. मेलमध्ये पर्यायी तारीख आधीच होती, म्हणून नव्याने काही मागावं लागलं नाही. त्याच मेलला "डोस पुढे गेला, ७ एप्रिल धरा" असं दोन ओळींचं उत्तर पुरलं. चर्चा पस्तीस मिनिटं झाली, घरून, फोनवर. नॉर्मलायझेशनला दोन दिवस बाकी होते.

दुसरी अडचण अगदीच किरकोळ वाटते, पण त्यामुळे फॉर्मच अडकला होता. डिसेंबर-जानेवारीत तिने महिनाभर लॉगिन न केल्यामुळे तिच्या पासवर्डची मुदत संपली आणि खातं लॉक झालं. व्हीपीएनशिवाय पोर्टल उघडेना. आयटी हेल्पडेस्कने खातं उघडायला दोन दिवस घेतले. लांबच्या रजेवर जाणार असाल तर आधीच मॅनेजरला सांगून खातं चालू ठेवायची विनंती करा. आणि वर्षभरात केलेल्या कामांची यादी, तिकीट नंबर, रिलीजच्या तारखा, कुणी कौतुकाचा मेल पाठवला असेल तर त्याची तारीख, हे सगळं रजेवर जायच्या आधी एका पानावर उतरवून ठेवा. ग्राहकाचा गोपनीय मजकूर मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. ते वेगळंच प्रकरण होतं.

जेव्हा खरोखरच लांब ढकलावं लागतं

माणूस आयसीयूत आहे, किंवा मोठं ऑपरेशन झालंय आणि दोन महिने काही शक्य नाही, तर पाच-सात दिवसांचं गणित चालत नाही. तेव्हा घरच्यांपैकी कुणी मेल केला तरी चालतो. मागायचं हे, की मॅनेजरने आपल्याकडच्या माहितीवर रेटिंग प्रस्तावित करून नॉर्मलायझेशनला न्यावं, आणि चर्चा मात्र कामावर परतल्यानंतर व्हावी. रेटिंगच थांबवून ठेवण्यापेक्षा हे जवळजवळ नेहमीच बरं. थांबवलेल्या रेटिंगसाठी नंतर वेगळी मंजुरी लागते, आणि तोवर मॅनेजर बदलला तर तुमचं काम पाहिलेला माणूसच उरत नाही. रेटिंग थांबणारच असेल, तर तीन गोष्टी लेखी घ्या: ते कोणत्या महिन्यात उघडणार, पगारवाढ कोणत्या तारखेपासून धरणार, आणि व्हेरिएबल पेचा हिशेब कसा होणार.

काही आजारांत पुढे ढकलणं हे उत्तरच नसतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस चालू असलेल्या माणसाला जूनमध्येही तेच करायचं आहे. त्याने अप्रेझलची तारीख न मागता लक्ष्यं आणि कामाचे तास बदलून मागावेत, तेही वर्षाच्या सुरुवातीला. आणि तुमच्यावर आधीपासूनच पीआयपी, म्हणजे कामात सुधारणा दाखवायला दिलेली ठरावीक मुदत, चालू असेल, तर आजारपणाची विनंती आणि पीआयपीची मुदत वाढवण्याची विनंती वेगवेगळ्या मेलमध्ये करा. एकत्र केल्या की दोन्हींवर शंका येते.

सरकारी नोकरीत रचना निराळी आहे. तिथे अहवाल पुढे ढकलत नाहीत. केंद्र सरकारात वरिष्ठाने त्या वर्षात किमान तीन महिने तुमचं काम पाहिलेलं नसेल, तर अहवालच लिहिता येत नाही. दीर्घ रजेवर असाल तर तीन महिन्यांचा तो हिशेब आस्थापना शाखेकडून तपासून घ्या.

पत्र हातात आल्यावर

मे महिन्यात पत्र येतं तेव्हा पहिल्यांदा टक्के बघू नका, लागू होण्याची तारीख बघा. तिच्या पत्रात १ एप्रिलऐवजी १ मे होतं. सिस्टीमने चर्चेची उशिराची तारीख उचलून पुढचा महिना टाकला होता. तिने नवीन तक्रार लिहिली नाही. "१ एप्रिलपासूनच लागू राहील" असं आम्ही ज्या मेलमध्ये मान्य केलं होतं, त्याच मेलला उत्तर देऊन पत्र जोडलं. आठवड्यात दुरुस्त पत्र आलं, आणि एप्रिलचा फरक मेच्या पगारात एरियर्स म्हणून वेगळ्या ओळीत दिसला.